बाजी थव्यावर : नाशिकमध्ये जमवलेल्या घसरलेल्या शब्दांची वही

१७ जून २०२४

टीवायच्या भाषाविज्ञानाच्या तासाला आज सटाण्याच्या एका मुलाने मला अडवलं. मी फळ्यावर क् लिहून ‘हा एक स्वनिम’, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारा सर्वांत लहान आवाज, असं म्हणत होते. तो म्हणाला, "मॅडम, असा पाय मोडका क कोणी बोलतं का? आपण का, कि, कू बोलतो. क् तर फक्त तुमच्या फळ्यावर आहे." वर्ग हसला. मी काळ-गाळ-बाळ या जोड्या पुढे केल्या. पण त्या जोड्यांनी एवढंच दिसतं की आपण क् ला वेगळा काढू शकतो. बोलताना डोक्यात तो वेगळा असतो का, हा त्याचा प्रश्न तसाच राहिला.

घरी येताना सीबीएसपासून कॉलेज रोडपर्यंत रिक्षात हेच डोक्यात होतं. याला उत्तर शोधायची एक जुनी वाट आहे. माणसाची जीभ घसरते तेव्हा नेमका कोणता तुकडा जागचा हलतो ते पाहायचं. व्हिएन्नाच्या मेरिंगर आणि मायर यांनी १८९५ मध्ये अशा चुकांचा संग्रह छापला होता. १९७१ मध्ये व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी इंग्रजीतल्या चुका घेऊन दाखवलं की चुका वाटेल तशा होत नाहीत. जो तुकडा हलतो तो भाषेच्या हिशेबातला तुकडा असतो. मराठीत हे स्वतः करून पाहायचं ठरवलं. चार महिने, एक वही, पदरचा खर्च.

कसोटी सोपी ठेवली आहे. समजा कोणाला ‘गोड पेरू’ म्हणायचं आहे आणि जीभ घसरली. अक्षर हाच खरा तुकडा असेल, तर ‘गो’ आणि ‘पे’ आख्खे बदलतील आणि ‘पेड गोरू’ ऐकू येईल. व्यंजन सुटं असेल, तर स्वर जागेवर राहतील आणि ‘पोड गेरू’ येईल. आणि व्यंजनाच्याही आत घोष-अघोष, म्हणजे कंठातली तार वाजते की नाही, हा सुटा गुण असेल, तर गंमत होईल. ग चा घोष प कडे जाईल, प चा अघोषपणा ग कडे येईल, आणि ‘कोड बेरू’ ऐकू येईल. मूळ शब्दांत क ही नाही आणि ब ही नाही, तरी दोन्ही तयार झाले. फ्रॉमकिन यांचं गाजलेलं उदाहरण असंच आहे : ‘क्लिअर ब्लू स्काय’ म्हणायला गेलेला माणूस ‘ग्लिअर प्लू स्काय’ म्हणून गेला.

खर्च : खिशात मावणाऱ्या दोन वह्या, ५० रुपये.

२५ जून

पहिला आठवडा वाया. वही घरी विसरले म्हणून तीन दिवस चुका फोनवर टिपल्या. आज उघडून पाहते तर काय, कीबोर्डने माझ्या चुका सुधारून ठेवल्या आहेत. मी टंकलेले निरर्थक शब्द त्याने जवळच्या कोशातल्या शब्दांत बदलले. अकरापैकी सात नोंदी गेल्या. फोन बंद, वही-पेन्सिलच.

दुसरी चूक जास्त माझी. मी फक्त चुकलेला शब्द लिहीत होते. ‘भंगळवार’ अशी नोंद आहे. भ कुठून आला? आजूबाजूला ‘भाजी’ होती की ‘भाऊ’ होता, काही आठवत नाही. अख्खं वाक्य नसेल तर चुकीचा उगम सापडत नाही आणि नोंद निरुपयोगी होते. आता चार रकाने आखले आहेत : म्हणायचं काय होतं, म्हटलं काय, माणूस कुठे थांबला आणि स्वतः दुरुस्त केलं का. एका मिनिटाच्या आत लिहिलं नाही तर सोडून द्यायचं. जावेने विचारलं, "ताई, आमचं बोलणं लिहून ठेवताय काय?" हो, म्हटलं, पण नाव लिहीत नाही.

४ जुलै

आज वहीतल्या ४३ नोंदींपैकी १९ खोडल्या. दुखलं. पण त्या चुका नव्हत्याच.

‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन आलं’ हे मी न-ण ची अदलाबदल म्हणून उत्साहाने लिहिलं होतं. अहो, ती अनेक घरांतली नेहमीची बोली आहे. कळवण-सटाणा-मालेगावकडचं अहिराणी वळण असलं की ळ चा य होतो आणि ‘केळी’ची ‘केयी’ होते. तीही चूक नाही. ‘दूद’, ‘वाग’, ‘आट’ हे तर मी स्वतः बोलते. शब्दाच्या शेवटचा महाप्राण, म्हणजे ध, घ, ठ यांतली ह सारखी हवा, सैल बोलण्यात मराठीत गळतोच. त्याला ‘महाप्राण हा गुण निसटला’ असं म्हणून मी पुरावा समजत होते.

नवा नियम : त्या माणसाने तोच शब्द एरवी नीट म्हटलेला मी ऐकला असेल आणि चुकल्यावर तो स्वतः अडला, हसला किंवा त्याने दुरुस्त केलं, तरच नोंद. यामुळे काही खऱ्या चुकाही सुटणार, त्याला इलाज नाही. शब्दाच्या शेवटचे महाप्राण आणि न-ण, ळ-ल-य या जोड्या कायमच्या बाद. फ सुद्धा बाद, कारण निम्मं नाशिक तो ओठ-दात लावून काढतं. मग तो प चा महाप्राण जोडीदार उरत नाही.

१४ जुलै, रविवार

आजची नोंद आधीच्या सगळ्यांच्या तोडीची आहे. गंगापूर रोडच्या पुढे एका नातेवाइकांच्या मळ्यावर गेलो होतो. काकू म्हणाल्या, "पुलीवर चिठलं... अगं बाई, चुलीवर पिठलं ठेवलंय." सगळे हसले, मी वही काढली.

स्वर जागच्या जागी आहेत, च् आणि प् बदलले आहेत. अक्षरं बदलली असती तर ‘पिलीवर चुठलं’ झालं असतं. एवढं तर झालंच. पण खरी गोष्ट च ची आहे. मराठीत दोन च आहेत. ‘चूल’, ‘चोर’, ‘चव’ यांतला दातांजवळचा, जवळजवळ त्स सारखा. ‘चार’, ‘चिंच’, ‘चेहरा’ यांतला टाळूवरचा. ‘चूल’मधला च दंत्य आहे. काकूंच्या तोंडून तो निघून ‘इ’ च्या पुढ्यात जाऊन बसला, तेव्हा तो टाळूवरचा होऊन आला. ‘त्सिठलं’ नव्हे, स्वच्छ ‘चिठलं’. मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं नाही, कारण मुद्दाम म्हटलेलं काही कामाचं नसतं. पण माझ्याबरोबर घरच्या दोघांनीही तेच ऐकलं.

याचा अर्थ, जे हललं तो उच्चारलेला आवाज नव्हता. तो अजून दंत्य-तालव्य असा ठरलेला नसलेला च होता. आधी तो हलला आणि मग ‘चमचा’चे ‘चमचे’ करताना च ला टाळूवर नेणारा आपला रोजचा नियम त्याच्यावर चालला. इंग्रजीत याच जातीचं उदाहरण आहे. ‘ॲन ईटिंग मॅरेथॉन’चं ‘अ मीटिंग ॲरेथॉन’ झालं, तेव्हा पुढच्या व्यंजनाप्रमाणे ‘ॲन’चं ‘अ’ आपोआप झालं. चूक झाली तरी नियम चुकला नाही. सटाण्याच्या मुलाला सांगायला हे माझ्या काळ-गाळपेक्षा बरं आहे. फळ्यावरचा क् असा कुठे हलत नाही, आणि चुलीतला च हलला.

पण ही एकच नोंद आहे. अशी दुसरी मिळेपर्यंत तिच्यावर इमारत बांधायची नाही.

२८ जुलै

मोजणी. खोडून उरलेल्या आणि नव्या मिळून आता ५१ नोंदी. त्यांपैकी दोन शब्दांच्या सुरुवातीची अदलाबदल असलेल्या आणि दोन्हीकडे स्वर वेगवेगळे असलेल्या २२. एवढ्याच कामाच्या. कारण ‘गरम चहा’चा ‘चरम गहा’ झाला तर ग-च हलले की ग-च अ सकट हलले, सांगता येत नाही.

या २२ पैकी १९ मध्ये स्वर जागेवर राहिला. तीन ठिकाणी अक्षर आख्खं गेलं. तिन्ही ठिकाणी शब्द दोन अक्षरांचे होते. त्यात अजून काही दडलंय का ते कळत नाही.

मोजताना देवनागरीने मला चकवलं, ते लिहून ठेवते. ‘भीठ माकरी’ असं लिहिलं की डोळ्याला भी आणि मा असे दोन बदललेले ठोकळे दिसतात, आणि मी पहिल्या फेरीत त्याला ‘अक्षर बदललं’ म्हणून टिकली मारली होती. ‘मीठ भाकरी’ शेजारी लिहून भ् + ई, म् + आ असं फोडल्यावर दिसलं की ई आणि आ हललेलेच नाहीत. अशा सहा टिकल्या बदलल्या. वही देवनागरीत ठेवायची तर फोडीचा रकाना हवाच. लिपीच अक्षराच्या बाजूने मत देते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीचं व्यंजन नेहमी दुसऱ्या सुरुवातीच्या व्यंजनाशीच भांडतं. स्वर आणि व्यंजन यांची अदलाबदल ५१ मध्ये एकही नाही.

४ ऑगस्ट

व्यंजनाचं काम भागलं, पण गुण सुटा हलतो का याबद्दल वही कोरी आहे. ‘कोड बेरू’ जातीची एकही नोंद नाही. वाट पाहत बसण्यापेक्षा चुका मुद्दाम घडवायच्या असं ठरवलं.

याचीही रुळलेली रीत आहे. बार्स, मोटली आणि मॅके यांनी १९७५ मध्ये वापरलेली. पडद्यावर एकामागोमाग शब्दजोड्या दाखवायच्या, माणसाने मनात वाचायच्या. पहिल्या काही जोड्यांत क्रम एक ठेवायचा, शेवटच्या जोडीत उलटा करायचा आणि अचानक खूण करून तीच मोठ्याने म्हणायला लावायची. त्यांच्या यादीत ब-ड क्रमाच्या जोड्यांनंतर ‘डार्न बोर’ येतं आणि लोक ‘बार्न डोर’ म्हणून जातात. मी ‘पातळ गूळ’, ‘पिवळा गहू’, ‘पुढचं गाव’ आणि मग ‘गोड पेरू’ अशी यादी केली. दोन संध्याकाळ स्लाइड करण्यात गेल्या.

आठ जण बसवले. चहा, चिवडा, १८० रुपये. चुका झाल्या, लोकांनी मजा घेतली. रात्री टेबलाशी बसल्यावर लक्षात आलं की ही यादी मला हवं ते दाखवूच शकत नाही. प-ग ची सवय लावली की फारतर प-ग येणार, म्हणजे व्यंजनांची अदलाबदल, जी मला आधीच मिळाली आहे. बरं, ‘कोड बेरू’ यावं म्हणून आधीच्या जोड्या क-ब अशा केल्या, तर क आणि ब मीच त्यांच्या डोक्यात भरले. मग ते गुण हलून तयार झाले की आधीच्या जोडीतून उचलले, काय सांगणार? ही रीत या प्रश्नाला चालत नाही. दोन संध्याकाळी आणि एक रविवार गेला.

याच यादीत दुसरं छिद्र होतं. ‘गेरू’ हा खरा शब्द आहे. चुकून खरा शब्द तयार होत असेल तर चूक जास्त घडते, हे याच तिघांनी दाखवलेलं. माझी ‘गार पोळी’ तर ‘पार गोळी’ होते, दोन्ही शब्द खणखणीत. ‘गोठा पडला’चं ‘पोठा गडला’ होतं, त्यात अर्थ नाही. पहिल्या जोडीवर जीभ सारखी घसरत होती आणि दुसरीवर जवळजवळ नाही. मी हा फरक यादी करतानाच पाहायला हवा होता.

११ ऑगस्ट, रविवार

नवी रीत. सवय लावणाऱ्या जोड्या नाहीत. एकच जोडी तालावर बारा वेळा घोकायची, मिनिटाला १६० ठोके, ठोक्याला एक शब्द : गोड पेरू गोड पेरू गोड पेरू. आसपास क आणि ब कुठेच नाहीत.

आधी कोणीतरी ‘कच्चा पापड पक्का पापड’ सुचवलं होतं. मजा येते, पण पुरावा म्हणून शून्य. ‘पच्चा कापड’ आलं, तर प कुठला? पापडातला पहिला, दुसरा की ‘पक्का’तला? शिवाय कापड हा शब्द तिथे दबा धरून बसलेला. उगम एकच असेल अशीच जोडी घ्यायची.

आज सहा जणांचं ध्वनिमुद्रण केलं. सगळं फुकट. फोन टेबलावर ठेवला होता, वर पंखा चालू होता. संगणकावर Praat या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलं तर ग च्या आधी जी घोषाची खालची पट्टी दिसायला हवी तिथे सगळीकडेच एक पट्टी, प च्या आधीसुद्धा. ती पंख्याची घरघर होती. वर फोनने स्वतःहून गोंगाट कमी करताना हलका घोष खाऊन टाकला होता. म्हणजे जिथे घोष नाही तिथे दिसतोय आणि जिथे आहे तिथे नाही.

९०० रुपयांचा कॉलरला लावायचा माइक मागवला. लॅपटॉपवर थेट वेव्ह फाइल, ४४१०० हर्ट्झ. पंखा बंद, खिडक्या बंद. ऑगस्टमध्ये नाशिकला हे किती सुखाचं असतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल.

२५ ऑगस्ट

स्वच्छ मुद्रण मिळालं. काय पाहते ते एकदा नीट लिहिते.

ग म्हणताना जीभ मागे टाळूला चिकटते, थोडा वेळ तोंड बंद असतं आणि मग सुटतं. मराठीत ग असेल तर त्या बंद काळातही कंठातली तार वाजत असते, ती चित्रात तळाशी काळसर पट्टी म्हणून दिसते. क असेल तर बंद काळ कोरा असतो आणि सुटल्यावर जराशा अवकाशाने स्वर सुरू होतो. घोकण्याचा एक फायदा न मागता मिळाला. प्रत्येक ‘गोड’च्या आधी ‘पेरू’चा ऊ येतो, त्यामुळे तोंड नेमकं कधी बंद झालं ते दिसतं. एकटंच ‘गोड’ म्हटलं असतं तर बंद काळाची सुरुवात शांततेत हरवली असती.

एका सहकाऱ्याच्या सातव्या फेरीत मला स्पष्ट ‘कोड पेरू’ ऐकू आलं. टेबलावर थाप मारली. चित्र उघडलं. बंद काळ साधारण ७० मिलिसेकंद. त्यात पहिले ३० मिलिसेकंद घोषाची पट्टी आहे, मग ती विरते, पुढचा भाग कोरा आणि सुटल्यावर सुमारे २० मिलिसेकंदांनी स्वर. स्वरानंतर येणाऱ्या क मध्येही थोडी पट्टी ओघळतेच, म्हणून याच सहकाऱ्याचा ‘काका’तला दुसरा क मोजला. तिथे १० ते १५. म्हणजे हा आवाज त्याच्या क पेक्षा जास्त घोष आणि ग पेक्षा बराच कमी. ना धड ग, ना धड क. तीन जणांना ऐकवलं. दोघं म्हणाले कोड, एक म्हणाली गोड. ‘मधलंच काहीतरी’ असं कोणीच म्हणालं नाही.

हे माझं एकटीचं दुखणं नाही. मोरी आणि मॅके यांनी १९९० मध्ये बोलणाऱ्यांच्या स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजली, तेव्हा त्यांना अर्धवट चुका पुष्कळ सापडल्या. कानाला त्या चुका वाटतही नव्हत्या. पुढे गोल्डस्टीन, पूप्लिए आणि सहकाऱ्यांनी ‘कॉप टॉप’ घोकणाऱ्यांच्या जिभेची हालचाल टिपली. तिथे जिभेचं टोक आणि जिभेचा मागचा भाग एकाच वेळी उचललेले दिसले. क ची जागा ट ने घेतली असं नव्हे, दोन्ही एकदम चालू.

याने माझी वही हादरली. जूनपासून मी जे लिहिलं ते माझ्या कानाने चौकटीत बसवून दिलेलं आहे. कान ‘भीठ’ किंवा ‘मीठ’ एवढंच सांगतो, मधलं सांगत नाही. स्वर जागेवर राहतो हा निष्कर्ष यातून वाचतो, कारण ई आणि आ मध्ये कान असा फसत नाही. च ची गोष्टही बहुधा वाचते. पण घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण या नुसत्या गुणांबद्दल कानावर टिपलेल्या नोंदीचा भरवसा कमी धरायला हवा.

आणि ‘बेरू’? एकदाही नाही. सगळ्या फेऱ्यांत पूर्ण ‘कोड बेरू’ शून्य.

१० सप्टेंबर

गणपतीत घर भरलेलं, आणि शेवटी एक मिळाली. मावशी स्वयंपाकघरातून, "बाजी थव्यावर आहे, करपेल... भाजी, भाजी तव्यावर." नंतर दहा मिनिटं सगळे थव्यावरच्या बाजीवर विनोद करत होते.

भ आणि त यांचं ब आणि थ झालं. वाक्यात ना ब होता, ना थ. महाप्राण भ वरून उठून त वर जाऊन बसला, बाकी जागच्या जागी. जूनपासून याचीच वाट पाहत होते. शब्दाची सुरुवात आहे, त्यामुळे शेवटचा महाप्राण गळण्याचा माझा जुना आक्षेपही लागत नाही.

रात्री दोन शंका काढल्या. पहिली हलकी : बाजी आणि थवा दोन्ही खरे शब्द आहेत, त्यांनी चुकीला वाट करून दिली असेल. असो, वाट करून दिली तरी हलला महाप्राणच.

दुसरी शंका जड आहे आणि ती मराठीचीच आहे. आपल्याकडे म्हैस, न्हावी, ल्हान आहेत. म, न, ल लाही ह चिकटतो. मग भ हे ‘ब अधिक ह’ असं जोडव्यंजन मानलं, तर हललेला तुकडा गुण नसून ह नावाचा अख्खा स्वनिम ठरतो, आणि ही साधी व्यंजनाची चूक झाली. याला सरळ उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र खरं की भ मधला ह घोष असतो, घोगरा, आणि थ मधला अघोष, नुसती हवा. मावशींचा थ नेहमीच्या थ सारखाच वाटला. म्हणजे जे गेलं ते नव्या शेजाऱ्याप्रमाणे बदललं, काकूंच्या च सारखं. तो गुण की ह, याचा निकाल महाप्राणाच्या चुका लावू शकत नाहीत. त्यासाठी घोष हलायला हवा, आणि घोष मला अर्धाच हललेला सापडला आहे. मराठीत हे करणाऱ्याने महाप्राणामागे न लागता सुरुवातीपासून ग-प, द-क, ब-ट अशा जोड्यांवर बसावं. मी तीन महिने उशिरा बसले.

२९ सप्टेंबर

फक्त गुण हलल्याच्या चुका इतक्या दुर्मीळ का, हे शोधताना शॅटक-हफनॅगल आणि क्लॅट यांचं १९७९ चं काम आठवलं. त्यांच्या इंग्रजी संग्रहातही, व्यंजन हललं की गुण हे ज्यांत ठरवता येतं अशा अदलाबदलींत, नुसता गुण हलल्याच्या फार थोड्या निघाल्या. बहुतेकांत अख्खं व्यंजनच हललं होतं. ‘ग्लिअर प्लू’ गाजलं, पण ते एकांड्या शिलेदारासारखं आहे.

मग गुण नाहीतच का? ते स्वतः क्वचित हलतात, पण कोणाची कोणाशी गल्लत होणार हे कदाचित तेच ठरवतात. हे तपासायला मात्र माझी वही पुरते.

स्वयंपाकघरात लेकीचा वर्णमालेचा जुना तक्ता आहे. तो घेतला. क च ट त प या आडव्या ओळी म्हणजे उच्चाराची जागा, आणि उभ्या रांगा म्हणजे अघोष, घोष, महाप्राण, अनुनासिक. गुणांचा तक्ता आपण पहिलीतच पाठ करतो, नाव मात्र कोणी सांगत नाही. दोन व्यंजनांत एकाच गुणाचा फरक असेल, म्हणजे ग-ब सारखी फक्त जागा वेगळी किंवा ग-क सारखा फक्त घोष वेगळा, तर त्यांना ‘शेजारी’ म्हटलं. य र ल व श स ह तक्त्यात नीट बसत नाहीत, त्या चुका बाजूला ठेवल्या. अदलाबदलीच्या ३४ चुका उरल्या. त्यांत शेजाऱ्यांच्या २०.

२० हा आकडा मोठा की छोटा? मराठीत काही व्यंजनांचीच वर्दळ जास्त, तेव्हा नुसत्या योगायोगानेही शेजारी भेटणारच. म्हणून ३४ चुकांतली ६८ व्यंजनं चिठ्ठ्यांवर लिहिली, स्टीलच्या डब्यात घालून हलवली आणि दोन दोन काढून जोड्या लावल्या. पाच वेळा. शेजारी निघाले ११, ९, १२, १०, १३. लेक म्हणाली, "आई, भिशी काढतेयस का?" पाच वेळा पुरेसं नाही हे मला माहीत आहे, पण एकदाही १३ च्या वर गेलं नाही.

याला एक आक्षेप घेऊन पाहिला. कानाने टिपलेलं आहे, तर कानानेच शेजाऱ्यांच्या चुका फुगवल्या नसतील ना? उलट आहे. एकाच गुणाचा फरक कानाला सहज निसटतो, प चा घ झाला तर कोणीही दचकेल. म्हणजे माझ्या कानाने शेजाऱ्यांच्याच चुका जास्त गाळल्या असणार, आणि तरी त्या जास्त उरल्या आहेत.

६ ऑक्टोबर

खर्चाचा हिशेब : वह्या ५०, चहा-चिवडा दोन वेळचा ३४०, माइक ९००. वेळ मोजला तर जूनचा दीड आठवडा, स्लाइडचे तीन दिवस आणि पंख्याचा एक रविवार गेला.

काल वही त्या सटाण्याच्या मुलाला दाखवली. ‘चिठलं’ची नोंद त्याने दोनदा वाचली. मग म्हणाला, "मॅडम, च चं पटलं. पण ग चं अर्धं-अर्धं काय ते पटलं नाही." मी म्हटलं, मलाही अजून नाही. त्याने एक कोरी वही मागितली. घरी अहिराणीत बोलतात, तिथल्या चुका टिपणार आहे. कोणती बोली आणि कोणती चूक हे तिथे मला ओळखता येणार नाही, त्यालाच ठरवावं लागेल. रकाने मात्र आखून दिले, फोडीचा धरून पाच.